सिंक तुंबलं की गरम पाण्यावर थांबू नका

फराळ तळून झाला, कढई घासली, आणि दोन दिवसांनी सिंकमधलं पाणी उतरेना. दिवाळीनंतरचं हे दृश्य अनेक घरांत दिसतं. त्याचं कारण तळणीत आहे तसंच हवेतही. तूप आणि वनस्पती तूप साधारण अंगाच्या उष्णतेला वितळतं, खोबरेल तर चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजतं. गरम कढईतून ओघळताना पातळ असलेली चरबी सिंकखालच्या गार नळीत पोचताच तिच्या भिंतीला धरते. मग त्या चिकट थरावर चहाचा चोथा, भाताची शितं आणि भांड्यांच्या साबणवडीतली खनिज भुकटी बसत जाते. नळी एका दिवसात बंद होत नाही, आतून हळूहळू अरुंद होत जाते. पाणी भोवरा करत रेंगाळू लागलं की हे सुरू झालंय असं समजावं.

अशा वेळी पहिला हात जातो तो उकळत्या पाण्याकडे. सिंकखालच्या नळ्या बहुधा पीव्हीसीच्या असतात. उकळतं पाणी वारंवार ओतलं तर त्या मऊ पडतात आणि सांधे गळू लागतात. शिवाय वितळलेली चरबी नाहीशी होत नाही. ती पुढे वाहत जाते आणि हात पोचणार नाही अशा जागी पुन्हा थिजते. खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर यांचा फेस दिसतो जोरदार, पण दोघं एकमेकांना निष्प्रभ करतात आणि चरबीला फारसं काहीच होत नाही. म्हणून चरबी पुढे ढकलण्यापेक्षा बाहेर काढणं हाच खरा इलाज.

आधी अडथळा कुठे आहे ते ओळखा. सिंकमध्ये पाणी साचतंय, पण जमिनीवरच्या नहाणी ट्रॅपमधून पाणी वर येत नाही, तर अडथळा बहुधा सिंकखालच्या नळीतच आहे. ट्रॅपमधून पाणी उलटत असेल तर तो पुढच्या पाइपात आहे. खालच्या-वरच्या घरांतही हाच त्रास असेल, तर सोसायटीचा उभा पाइप तुंबला आहे आणि घरात कितीही खटपट केली तरी उपयोग नाही. प्लंबरच बोलवावा लागेल.

अडथळा सिंकखाली असेल तर साचलेलं पाणी मगाने काढून टाका. हातमोजे घाला, नळीखाली बादली ठेवा. बाटलीसारखा ट्रॅप असेल तर त्याचा खालचा पेला हाताने फिरवून निघतो. नुसती घडीदार लवचीक नळी असेल तर ती वरच्या आणि खालच्या टोकाला सोडवा. रबरी वॉशर कुठला कुठे होता ते लक्षात ठेवा. आतला राखाडी, घट्ट गोळा जुन्या चमच्याने खरवडून कागदावर घ्या आणि कचऱ्यात टाका, दुसऱ्या मोरीत नाही. राहिलेला थर काढायला कोमट पाणी, भांड्यांचा द्रव साबण आणि बाटली धुण्याचा ब्रश पुरतो. साबण चरबीचे बारीक कण करून ते पाण्यात धरून ठेवतो, त्यामुळे ते सहज धुऊन जातात.

नळी जिथे जमिनीत किंवा भिंतीत जाते, तिथे प्लंबरची लांब तारेची स्प्रिंग फिरवत आत घाला. अडलं की जोर न लावता फिरवा, मागे ओढा आणि टोकाला आलेला मळ पुसून काढा. मग सगळं जोडून सिंक काठोकाठ भरा आणि एकदम सोडा. पाणी सरसर उतरलं आणि सांधे कोरडे राहिले म्हणजे काम झालं. सांधा पाझरला तर बहुतेक वेळा वॉशर तिरका बसलेला असतो.

हे पुन्हा होऊ नये, यासाठी सगळ्यात मोठा फरक पडतो तो घासण्याआधी पुसण्याने. कढई, तवा, तुपाचं पातेलं वर्तमानपत्राच्या तुकड्याने पुसून घ्या. तळणीचं उरलेलं तेल बाटलीत भरा, मोरीत ओतू नका. सिंकच्या तोंडाशी बारीक जाळी ठेवा. आठवड्यातून एकदा, भांडी झाल्यावर थोडा द्रव साबण टाकून गरम पाणी सोडा: अर्धं उकळतं आणि अर्धं नळाचं मिसळलं की साठ अंशांच्या आसपास येतं, पीव्हीसीला ते चालतं. हा उपाय पातळ थरासाठी आहे, तुंबलेल्या नळीसाठी नाही. घडीदार नळीच्या प्रत्येक घडीत चरबी अडकते. ती पुन्हा पुन्हा तुंबत असेल, तर त्या जागी गुळगुळीत पाइप आणि बाटली ट्रॅप बसवून घेणं शहाणपणाचं. त्याचा पेला दोन-तीन महिन्यांनी उघडून रिकामा केला, की पुढचा थर साचण्याआधीच निघून जातो.