बिल वाढलं, पण कशामुळे?

मे महिन्याचं वीजबिल हातात पडलं की घरोघरी एकच वाक्य ऐकू येतं: "परत दर वाढवले वाटतं!" नवे दर बहुतेक वेळा एप्रिलपासून लागू होतात आणि पंखे, कूलर, एसीही त्याच सुमारास जोरात फिरू लागतात. त्यामुळे दोन्ही वाढींची खिचडी होते. ती वेगळी करायला जुनं बिल आणि साधा कॅल्क्युलेटर पुरतो.

महावितरणच्या घरगुती बिलात पहिल्या 100 युनिटांना एक दर असतो, 101 ते 300 युनिटांना त्याहून बराच जास्त. हिशेब सोपा व्हावा म्हणून गोल आकडे घेऊ. वहन आकारासकट पहिल्या टप्प्याचा दर 6 रुपये, दुसऱ्याचा 12 आणि स्थिर आकार 100 रुपये धरू. या सगळ्यावर 16 टक्के वीज शुल्क.

मार्चमध्ये 150 युनिट वापरले. पहिल्या शंभराचे 600, पुढच्या पन्नासाचे 600, स्थिर आकार 100, असे 1300 रुपये झाले. शुल्क धरून बिल 1508. मेमध्ये वापर 200 युनिट झाला आणि सगळे दर, स्थिर आकारासह, 5 टक्क्यांनी वाढले. बिल आलं 2314. वाढ 806 रुपये, म्हणजे 53 टक्क्यांहून जास्त.

आता मेचे 200 युनिट मार्चच्या दराने मोजा. 600 अधिक 1200 अधिक 100, म्हणजे 1900, शुल्कासह 2204. प्रत्यक्षात न आलेलं हे मधलं बिलच सगळा उलगडा करतं. 1508 वरून 2204 पर्यंतचे 696 रुपये वापरामुळे वाढले आणि उरलेले 110 रुपये दरवाढीमुळे.

गंमत अशी, की युनिट 33 टक्क्यांनी वाढले, पण त्यामुळे बिल वाढलं 46 टक्क्यांनी. वाढीव पन्नासच्या पन्नास युनिट महागड्या टप्प्यात गेले ना! आणि 46 मध्ये 5 मिळवून 53 होत नाहीत, कारण दरवाढ मार्चच्या नव्हे, फुगलेल्या बिलावर बसते. आधी दर वाढवून मग वापर वाढवला, तर दरवाढीच्या वाट्याला 75 रुपयेच येतात. मधले 35 रुपये दोघांच्या सामाईक खात्यातले. ते कुणाच्या नावावर टाकायचे हा सोयीचा प्रश्न आहे.

आकडेमोडीआधी दोन्ही बिलांतली थकबाकी बाजूला काढा आणि रीडिंगच्या तारखा बघा. एक बिल 29 दिवसांचं आणि दुसरं 34 दिवसांचं असेल, तर युनिटांना दिवसांनी भागून रोजचा वापर ताडून पाहा. इंधन समायोजन आकाराची ओळही तपासा. तो महिन्यागणिक बदलू शकतो, त्यामुळे जाहीर दरवाढ नसतानाही युनिट महाग पडू शकतं.