निविदेच्या वादात न्यायालय कुठे थांबते : १९७९ ते २०२४

मोहाडी तालुक्यात एखादा सिमेंट रस्ता, शाळाखोली किंवा पाण्याची टाकी मंजूर झाली की निविदा निघते, आणि निविदा उघडली की कोणीतरी नाराज होतोच. तांत्रिक लिफाफ्यात बाद झालेला कंत्राटदार आधी उपअभियंत्याकडे जातो, मग भंडाऱ्याच्या कार्यालयात खेटे घालतो आणि तिथे दाद लागली नाही की नागपूर खंडपीठात रिट करायची भाषा सुरू होते. ‘माझा दर पंधरा टक्के बिलो होता, सरकारचे पैसे वाचत होते, कोर्ट ऐकणारच,’ असा त्याला भरवसा असतो. या ४५ वर्षांतले निकाल ओळीने वाचले तर हा भरवसा बहुतेक वेळा फोल का ठरतो ते कळते, आणि अगदी मोजक्या वेळा तो खरा का ठरतो तेही कळते.

सुरुवात मुंबईच्या विमानतळावरून होते. जानेवारी १९७७ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने तिथे एक दुय्यम दर्जाचे उपाहारगृह आणि दोन अल्पोपाहार केंद्रे तीन वर्षांसाठी चालवायला देण्याची जाहिरात काढली. निविदा फक्त नोंदणीकृत दुय्यम दर्जाच्या हॉटेलचालकांनी भरावी आणि त्यांना किमान पाच वर्षांचा अनुभव असावा, अशी अट होती. काम मात्र मिळाले ते कॅन्टीन चालवणाऱ्या एका फर्मला. महिन्याला ६,६६६ रुपये ६६ पैसे हा तिचा देकार सर्वात मोठा होता, पण जाहिरातीतल्या अटीत ती बसत नव्हती. त्यावर रमणा दयाराम शेट्टी न्यायालयात गेले. त्यांनी स्वतः निविदा भरलेलीच नव्हती. अट अशी सैल होणार हे आधी कळले असते तर मीही भरली असती, असे त्यांचे म्हणणे होते.

मे १९७९ मध्ये न्यायमूर्ती भगवती यांनी दिलेल्या निकालाने सरकारी कंत्राटांचा कायदा बदलला. सरकार म्हणजे मर्जीने माल वाटणारा खासगी धनी नव्हे, स्वतः घातलेली अट सरकारला स्वतःलाही पाळावी लागते, असे सर्वोच्च न्यायालयाने बजावले. एवढे म्हणूनही शेट्टी हरलेच. एप्रिल १९७७ मध्ये काम दिले गेले होते आणि याचिका नोव्हेंबरमध्ये दाखल झाली. दरम्यान त्या फर्मने तयारीवर बराच खर्च केला होता, आणि शेट्टी यांना दुसऱ्याच कोणीतरी पुढे केले आहे असेही न्यायालयाला दिसले. म्हणजे नियम मोडला हे मान्य झाले, पण कंत्राट शाबूत राहिले. पुढच्या सगळ्या वाटचालीचे बीज या एका निकालात आहे, तरी बराच काळ लोकांना त्याचा पहिला अर्धाच भाग आठवत राहिला.

खुलीकरणानंतर कंत्राटांचा आकार वाढला आणि वादही वाढले. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार महानगरांत मोबाइल सेवा कोणी द्यायची, यावरून टाटा सेल्युलरचा खटला उभा राहिला. न्यायालय निर्णय कसा घेतला गेला ते तपासेल, निर्णय बरोबर की चूक यावर अपील ऐकल्यासारखे बसणार नाही, ही रेघ जुलै १९९४ च्या त्या निकालाने आखली. ती रेघ नेमकी किती जाड आहे हे विदर्भाला कळले ते चार वर्षांनी, खापरखेड्याच्या प्रकरणात.

नागपूर जिल्ह्यातल्या खापरखेडा औष्णिक वीज केंद्राच्या संच ३ आणि ४ साठी मोठ्या व्यासाच्या नळवाहिन्या आणि पोलादी टाक्या उभारण्याचे काम राज्य वीज मंडळाने काढले होते. ते रौनक इंटरनॅशनल या कंपनीला मिळाले. स्पर्धक कंपनी उच्च न्यायालयात गेली आणि अंतरिम स्थगिती मिळाल्याने काम अडकले. रौनक पात्रतेच्या अटीत तंतोतंत बसत नाही, तिला सवलत दिली गेली, हा आक्षेपाचा गाभा होता. डिसेंबर १९९८ मध्ये न्यायमूर्ती सुजाता मनोहर यांच्या निकालाने स्थगिती उठली. निविदेतच अट शिथिल करण्याची मुभा होती, ती प्रामाणिक कारणाने वापरली गेली होती, आणि अट काटेकोर लावली तर तक्रार करणारी कंपनीही बाद ठरत होती.

पण या निकालाचा सर्वात उपयोगी भाग स्थगितीबद्दलचा आहे. निविदेचा वाद वरवर दोन व्यापाऱ्यांचा असतो. स्थगितीची किंमत मात्र वीज किंवा पाणी यांची वाट पाहणारे लोक मोजतात. काम रखडले की खर्च चढतो आणि तो सरकारी तिजोरीतूनच जातो. म्हणून स्थगिती मागणाऱ्याने, योग्य प्रकरणी, विलंबामुळे वाढणाऱ्या खर्चाची हमी द्यावी, असे न्यायालयाने सुचवले. स्वस्त दर म्हणजेच लोकहित, हे समीकरणही याच निकालाने मोडले. कामाचा दर्जा, पूर्वीचा अनुभव, वेळेत काम पुरे करण्याची ऐपत आणि नंतरची देखभाल हेही लोकहितात मोजायचे असते.

ही सगळी चर्चा डिसेंबर २००६ च्या जगदीश मंडल निकालाने दोन प्रश्नांत बसवली. एक, निर्णय दुष्ट हेतूने किंवा कोणाला फायदा करून देण्यासाठी घेतला गेला का, किंवा कोणताही जबाबदार अधिकारी घेणार नाही इतका तो मनमानी आहे का? दोन, त्याने लोकहिताला बाधा येते का? दोन्हींची उत्तरे ‘नाही’ असतील तर न्यायालयाने हात घालू नये. आजही नागपूर खंडपीठात निविदेची याचिका आधी याच दोन प्रश्नांवर घासली जाते.

पुढचा टप्पा पुन्हा नागपूरचाच. मेट्रोच्या उन्नत मार्गाच्या बांधकामासाठी नागपूर मेट्रोने ‘मेट्रो स्थापत्य बांधकामा’चा अनुभव मागितला होता. एक चिनी कंपनी आणि टाटा प्रोजेक्ट्स यांच्या संयुक्त उपक्रमाने चीनमधल्या आंतरशहर रेल्वेच्या कामाचा अनुभव जोडला. तो मेट्रोचा अनुभव नव्हे, असे म्हणून नागपूर मेट्रोने त्यांना बाद केले. नागपूर खंडपीठाने मात्र हा अनुभव अटीत बसतो असा अर्थ लावला आणि बाद करण्याचा निर्णय रद्द केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. सप्टेंबर २०१६ मध्ये न्यायमूर्ती मदन लोकूर यांच्या पीठाने खंडपीठाचा आदेश फिरवला. निविदा ज्याने लिहिली त्यालाच आपली गरज सर्वात जास्त कळते. त्याने लावलेला अर्थ न्यायाधीशाला पटला नाही म्हणून तो बदलता येत नाही. त्यात दुष्ट हेतू किंवा उघड विपर्यास दिसला पाहिजे.

एरवी करारातले वाक्य संदिग्ध असेल तर त्याचा अर्थ लिहिणाऱ्याच्या विरुद्ध लावतात. विम्याच्या दाव्यात हे अनेकांनी पाहिले असेल. निविदेत नेमके उलटे झाले. वाक्य मोघम ठेवणाऱ्यालाच त्याचा अर्थ सांगण्याचा हक्क मिळाला. मोठ्या प्रकल्पात हे समजू शकते, कारण सल्लागार कंपन्या, निविदापूर्व बैठका आणि लेखी खुलासे यांतून अटींवर बरीच चाळण होते. नगरपंचायतीच्या रस्त्याला ती चाळण नसते.

समजा, मोहाडीत सिमेंट रस्त्याच्या निविदेत ‘तत्सम स्वरूपाचे एक काम पूर्ण केलेले असावे’ एवढीच अट आहे. एका कंत्राटदाराने पेव्हर ब्लॉकच्या कामाचा दाखला जोडला आणि तो बाद झाला. पेव्हर ब्लॉक तत्सम आहे की नाही, यावर खंडपीठात भांडून हाती काही लागण्याची शक्यता कमी, कारण नागपूर मेट्रोचा निकाल आडवा येतो. पण त्याच निविदेत दुसऱ्या कोणाचा पेव्हर ब्लॉकचाच दाखला चालवून घेतला असेल, तर चित्र पालटते. मग वाद अर्थाचा उरत नाही, दुजाभावाचा होतो. लिफाफे उघडल्यावर अट बदलली असेल, किंवा बाद करताना एक कारण दिले आणि न्यायालयातल्या शपथपत्रात दुसरेच मांडले असेल, तरीही प्रकरणात जीव असतो. हे सिद्ध होते ते कागदावरून. म्हणून तांत्रिक छाननीचा तक्ता आणि समितीचे इतिवृत्त हाती असल्याशिवाय वकिलाकडे जाण्यात अर्थ नाही.

२०१६ नंतर कल संयमाकडेच राहिला. विशिष्ट अनुतोष अधिनियमात २०१८ मध्ये झालेल्या सुधारणेने पायाभूत प्रकल्पांना विलंब होईल असा मनाईहुकूम दिवाणी न्यायालयाने देऊ नये असे ठरले. मार्च २०२२ च्या एन. जी. प्रोजेक्ट्स निकालाने तोच विचार रिट याचिकांना लावला आणि चूक झाली असेल तर काम थांबवण्यापेक्षा नुकसानभरपाईची वाट दाखवली. मुंबईच्या बेस्टने १,४०० वीजबसची निविदा काढली, तेव्हाही हेच घडले. एका चार्जिंगमध्ये प्रत्यक्ष वाहतुकीत २०० किलोमीटर धावण्याची अट होती, टाटा मोटर्सने प्रमाणित चाचणीतला पल्ला दिला आणि ती बाद झाली. उच्च न्यायालयाने ते बाद करणे योग्य ठरवले, पण यशस्वी ठरलेल्या एव्ही ट्रान्सची निवडही रद्द केली. मे २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती निवड पुन्हा कायम केली.

मग दार बंदच झाले का? नाही. जुलै २०२४ मध्ये कोलकात्याच्या दोन भुयारी मार्गांच्या देखभालीचे कंत्राट रद्द करण्याचा तिथल्या विकास प्राधिकरणाचा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढला. निविदेत तांत्रिक दोष राहिला, असे कारण प्राधिकरणाने पुढे केले होते. फाइलवरच्या टिपण्यांतून मात्र खरा उगम मंत्र्यांच्या सूचनेत असल्याचे दिसले. न्यायालयाने इथे दर, अनुभव किंवा अटीचा अर्थ यांत डोके घातले नाही. निर्णय कोणी आणि का घेतला एवढेच पाहिले.

मोहाडीच्या कंत्राटदाराने यातून तीन गोष्टी धराव्यात. मोघम अट दिसली तर निविदा भरण्याची मुदत संपण्याआधी लेखी खुलासा मागावा, कारण तेवढ्याच काळात अटीचा अर्थ बदलून घेता येतो. बाद ठरल्यास लेखी कारण लगेच मागावे आणि कार्यारंभ आदेश निघण्यापूर्वी हालचाल करावी. शेट्टींचे प्रकरण बुडण्यात उशिराचाही वाटा होता. आणि ‘माझा दर कमी होता’ हा मुद्दा याचिकेच्या शेवटच्या पानावर टाकावा.

अट लिहिणाऱ्या अभियंत्याची जबाबदारी मात्र याहून मोठी आहे. आपल्या वाक्याचा अर्थ आता बहुधा आपणच ठरवणार, हे माहीत असताना ‘तत्सम काम’ म्हणजे कोणते काम हे त्याच ओळीत लिहून टाकले, तर निम्मे वाद नागपूरपर्यंत जाणारच नाहीत.