पहिला फोटो परक्यांना निवडू द्या

माझ्या आतेभावाचं नाव विवाह जुळवणाऱ्या संकेतस्थळावर नोंदवायचं ठरलं, तेव्हा फोटो निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी लग्नाचे फोटो काढतो, म्हणून. आत्याने पहिला फोटो आधीच पक्का केला होता. स्टुडिओतला, निळ्या पडद्यापुढचा, ब्लेझर घातलेला, हाताची घडी, ओठ मिटलेले. "यात कसा साहेबासारखा दिसतोय बघ," ती म्हणाली. दिसत होताच. पण स्थळं बघायला बसलेली मुलगी किंवा तिची आई मोबाइलवर एकामागून एक चेहरे सरकवत असते. त्यात हा साहेब आला की बोट तिथे थांबेल का, एवढाच माझा प्रश्न होता.

प्रिन्स्टन विद्यापीठातल्या जॅनिन विलिस आणि अलेक्झांडर टोडोरोव्ह यांनी 2006मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अनोळखी चेहरा सेकंदाचा दहावा हिस्सा दाखवला, तरी माणूस विश्वासू वाटतो की नाही याचं मत लोक बनवून मोकळे होतात आणि बघायला हवा तेवढा वेळ दिला तरी ते मत फारसं बदलत नाही. ते मत खरं निघेल असं मुळीच नाही. चेहऱ्यावरून स्वभाव कळत नाही. पण पुढचं वाचायचं की नाही, हे त्यावर ठरतं. टोडोरोव्ह यांनी पुढे असंही दाखवलं, की एकाच माणसाचे वेगवेगळे फोटो बघणाऱ्यावर अगदी वेगळी छाप पाडतात. म्हणजे चेहरा तोच राहिला, तरी फोटो बदलून छाप बदलता येते.

मग कोणता फोटो? इथे घरच्यांचा सल्ला सगळ्यात कमी उपयोगाचा आणि स्वतःचाही तसाच. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठातल्या डेव्हिड व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2017मध्ये हे तपासून पाहिलं. विद्यार्थ्यांनी स्वतःच्या बारा फोटोंतून निवडलेला फोटो आणि त्यांना न ओळखणाऱ्यांनी निवडलेला फोटो, हे दोन्ही त्यांनी आणखी तिसऱ्याच लोकांना दाखवले. परक्यांनी निवडलेल्या फोटोंची छाप जास्त चांगली पडली. मला याचं कारण रोजच्या कामात दिसतं. आपण स्वतःचा चेहरा आरशात, म्हणजे डावं-उजवं उलटलेला, बघत आलेलो असतो, त्यामुळे खरा फोटो आपल्याला किंचित वाकडा वाटतो. शिवाय आपली नजर नाकावर नाही तर सुटलेल्या हनुवटीवर अडकते. आत्याला ब्लेझरमागचा तिचा हसरा, बडबड्या मुलगा आपोआप दिसत होता, कारण ती त्याला ओळखते. परक्याला फक्त ब्लेझर दिसतो.

म्हणून मी त्याच्या मोबाइलमधले चाळीसेक फोटो घेतले आणि आधी निरुपयोगी बाजूला काढले. गॉगलचे गेले, कारण डोळे दिसत नव्हते. भर दुपारी सिंहगडावर काढलेले गेले. डोक्यावरच्या उन्हाने भुवयांखाली काळे खड्डे पडतात आणि माणूस थकलेला, रागावलेला वाटतो. मित्राला कापून काढलेला एक गेला, कारण खांद्यावर तिसराच हात उरला होता. सेल्फीही सगळे गेले. हात लांब करून जवळून काढलेल्या फोटोत नाक कॅमेऱ्याच्या जवळ आणि कान लांब राहतात, त्यामुळे नाक फुगतं. अमेरिकेतल्या काही शल्यविशारदांनी 2018मध्ये याचं गणित मांडलं. साधारण 30 सेंटिमीटरवरून काढलेल्या फोटोत नाकाचा बुंधा दीड मीटरवरच्या फोटोपेक्षा सुमारे 30 टक्के रुंद दिसतो.

उरले सात. ते सातही मी मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढे करून पाहिले, कारण यादीत फोटो तेवढाच दिसतो आणि बऱ्याच ठिकाणी तो गोल कापलाही जातो. त्या आकारात दोन फोटोंतला चेहरा ठिपक्यासारखा झाला. तेही काढले.

राहिलेले पाच मी माझ्या ओळखीच्या, पण त्याला कधीही न भेटलेल्या सहा जणांना दाखवले. प्रत्येक फोटो दोन सेकंद, प्रत्येकाला वेगळा क्रम. प्रश्न मात्र जपून विचारला. "यात कोण छान दिसतो?" असं विचारलं की लोक कपडे बघतात. मी विचारलं, "रेल्वेत शेजारी बसला तर यातल्या कुणाशी बोलायला सोपं जाईल?" ब्लेझरला एकही मत पडलं नाही. सहापैकी चौघांनी जो उचलला, तो आतेभावाला स्वतःला अजिबात आवडत नव्हता.

तो फोटो स्वयंपाकघराच्या खिडकीशी काढलेला होता. बाही दुमडलेला साधा आकाशी सदरा, सकाळचा उजेड एका बाजूने, मागे कोरी भिंत. समोरून त्याची बहीण काहीतरी सांगत होती आणि तो हसला होता. गाल वर चढून डोळ्यांखाली बारीक सुरकुत्या उमटल्या होत्या. त्याला नेमक्या त्याच नको होत्या. पण फ्रेंच डॉक्टर ड्यूशेन यांनी 1862मध्येच लिहून ठेवलंय, की ओठांचे कोपरे मनात आणून वर ओढता येतात, पण डोळ्याभोवतीचा स्नायू खऱ्या आनंदाशिवाय सहसा आवळत नाही. सराव केलेल्यांना तोही जमतो, पण फोटोसाठी ताठ उभ्या राहिलेल्या माणसाला जमत नाही. ओठ हसतायत आणि डोळे ढिम्म, हे बघणाऱ्याला नाव न देताही जाणवतं. मी फोटो काढताना म्हणूनच कुणाला "हसा" म्हणत नाही. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर धरून दीड-दोन मीटरवर उभा राहतो आणि घरातल्या कुणालातरी माझ्या खांद्यामागून गप्पा मारायला लावतो.

पहिला ठरला, तरी क्रम उरतोच. एकाच माणसाचे फोटो परक्याला दोन वेगळ्या माणसांचे वाटू शकतात. ब्रिटनमधल्या 2011च्या एका प्रयोगात दोनच माणसांचे चाळीस फोटो गठ्ठे लावायला दिले, तर त्यांना न ओळखणाऱ्यांनी साधारण सात-आठ गठ्ठे केले. म्हणून दुसऱ्या फोटोने पहिल्याची ओळख पक्की करायला हवी. आतेभावाचा दुसरा ठेवला तो अंगणात उभा असलेला, डोक्यापासून पायापर्यंत, त्याच दाढीत, त्याच चष्म्यात. अंगकाठी लपवली अशी शंका तिथेच मिटते. तिसरा, तबला वाजवतानाचा. तो बघून काहीतरी विचारता येतं. चौथा, ब्लेझरचा. आत्याचा मान राहिला आणि चेहरा आधीच ओळखीचा झाल्यावर तो ताठरही वाटत नाही. घरच्यांसोबतचा फोटो शेवटी. तो पहिला ठेवला असता, तर यातला नवरदेव कोण हेच शोधत बसावं लागलं असतं. त्यातली भाचरं मी कापली आणि मागे दिसणारा गाडीचा नंबर झाकला.

यानंतर स्थळं वाढली की नाही, हे फोटोमुळेच झालं असं मी सांगू शकत नाही. पत्रिका, पगार, शहर यांच्यापुढे फोटोचं फार चालत नाही. पण पहिल्याच भेटीत एका मुलीची आई आत्याला म्हणाली, "फोटोत आहेत तसेच आहेत हो." ते ऐकून आत्याने ब्लेझरचा विषय सोडला.

परवा त्याने दाढी काढली. रविवारी सकाळी पुन्हा त्याच खिडकीशी जायचंय, आणि बहिणीला यायला सांगितलंय.