कर्ता हरवलेलं पत्र

माझा भाचा चाकणच्या एका कारखान्यात ॲल्युमिनियम डाय कास्टिंगचं काम पाहतो. जर्मनीतल्या नोकऱ्यांसाठी त्याने अर्ज करायला घेतले, तेव्हा एका रात्री कव्हर लेटर पाठवून म्हणाला, "मावशी, ग्रामर तेवढं बघून दे. बाकी सगळं झालंय." तांत्रिक मजकुराचं संपादन हे माझं रोजचं काम, म्हणून त्याला वाटलं की अर्ध्या तासाचा प्रश्न आहे. आम्हाला चार संध्याकाळी लागल्या. त्यातली व्याकरणावर जेमतेम एक गेली.

पत्र पानभर होतं. सुरुवात 'रिस्पेक्टेड सर' अशी. पुढे 'आय ॲम हॅविंग सिक्स इयर्स एक्स्पीरियन्स', मग 'व्हेरियस क्वालिटी इम्प्रूव्हमेंट ॲक्टिव्हिटीज वेअर डन', मग 'रिजेक्शन वॉज रिड्यूस्ड ड्रास्टिकली', आणि शेवटी एक संधी द्यावी अशी विनंती. मी त्याला पेन्सिल दिली आणि म्हटलं, "प्रत्येक वाक्यात काम कोणी केलं, त्याच्याखाली रेघ मार." बारा वाक्यांपैकी चारच वाक्यांत रेघ मारता आली, आणि त्या चारांत तो 'हॅविंग', 'लुकिंग आफ्टर', 'होपिंग' आणि 'रिक्वेस्टिंग' एवढंच करत होता. कारखान्यात घडलेल्या एकाही कामाला कर्ता नव्हता.

ही सवय कुठून येते हे आपल्याला माहीत आहे. शाळेपासून आपण 'करण्यात आले', 'घेण्यात आला', 'सादर करण्यात येत आहे' असं वाचत आणि लिहीत आलो. कार्यालयातल्या मराठीत 'मी केलं' म्हणणं आगाऊपणाचं वाटतं. हीच रचना इंग्रजीत उतरली की 'वॉज डन' होते. कंपनीच्या अहवालात ती चालून जाते. नोकरीच्या पत्रात मात्र वाचणाऱ्याला एकच गोष्ट हवी असते, ती म्हणजे या माणसाने स्वतःच्या हातांनी काय केलं. नेमकी तीच या रचनेत लपते. पत्रातला आत्मविश्वास मी म्हणूनच विशेषणांत शोधत नाही. कर्ता, क्रियापद आणि आकडा हे तीन जागेवर आले की तो आपोआप दिसतो.

आधी व्याकरणाचं सांगते, कारण आपल्या चुका ठरावीक असतात आणि त्यांची मुळं मराठीत असतात. 'मला अनुभव आहे' यातल्या 'आहे'साठी आपण 'ॲम हॅविंग' म्हणतो. जवळ असणं ही स्थिती आहे, चालू क्रिया नव्हे, म्हणून इंग्रजीत तिथे साधं 'आय हॅव' येतं. 'सहा वर्षांपासून' यातल्या 'पासून'चं आपण थेट 'सिन्स सिक्स इयर्स' करतो. इंग्रजीत 'सिन्स'नंतर सुरुवातीचा क्षण येतो, 'सिन्स २०१९'. कालावधी सांगायचा तर 'फॉर सिक्स इयर्स'. आणि दोन्हींबरोबर 'आय ॲम वर्किंग' बसत नाही, 'आय हॅव वर्क्ड' लागतं. साल सांगितलं की उलट होतं. 'इन २०२३' म्हटल्यावर 'आय हॅव रिड्यूस्ड' चुकतं आणि साधा भूतकाळ, 'आय रिड्यूस्ड', बरोबर ठरतो.

सर्वांत जास्त चुका 'अ' आणि 'द' यांच्या होतात, कारण मराठीत ते नाहीतच. मी भाच्याला सांगितलं की वाचणाऱ्याला ती वस्तू आधीपासून ठाऊक आहे का, एवढं स्वतःला विचार. पहिल्यांदा सांगतोस तेव्हा 'अ पंप हाउसिंग'. पुढच्या ओळीत त्याच भागाबद्दल बोलतोस तेव्हा 'द हाउसिंग'. या एका प्रश्नाने त्याच्या पत्रातल्या बहुतेक जागा सुटल्या. 'आय पास्ड आउट इन २०१८' हे वाक्यही आम्ही काढलं. आपल्याकडे त्याचा अर्थ पदवी मिळवणं, तिकडचा वाचक 'बेशुद्ध पडलो' असा घेऊ शकतो. तिथे 'ग्रॅज्युएटेड' आलं.

आता खरं काम. 'रिजेक्शन वॉज रिड्यूस्ड ड्रास्टिकली' या वाक्यावर बोट ठेवून मी विचारलं, "म्हणजे काय झालं ते मला मराठीत सांग." तो दहा मिनिटं न थांबता बोलला. एका पंपाचं ॲल्युमिनियमचं हाउसिंग लीक टेस्टमध्ये नापास होत होतं, तेही मशिनिंग झाल्यावर, म्हणजे सगळा खर्च होऊन गेल्यानंतर. सगळे शॉटचं प्रेशर बदलून पाहत होते. याने नापास झालेले तुकडे एक्स-रेखाली पाहिले, काही कापून घासले, आणि पोरॉसिटी नेमकी कुठे सापडते त्याचा नकाशा केला. बहुतेक छिद्रं एका जाड बॉसभोवती होती. भोवतालची भिंत आधी गोठायची आणि बॉसचा गाभा सर्वांत शेवटी. धातू गोठताना आकसतो, आणि तोवर तिथे नवा धातू पोचण्याची वाट बंद झालेली असायची. म्हणून आत पोकळी राहायची. टूलरूमच्या मदतीने त्याने डायमध्ये त्या जागी पाण्याने थंड होणारी एक पिन बसवून घेतली. पाच महिन्यांत रिजेक्शन ५.८ टक्क्यांवरून २.१ टक्क्यांवर आलं.

"महिन्याला किती हाउसिंग बनतात?" मी विचारलं. अठरा हजार. म्हणजे महिन्याला साधारण ६६६ भाग भंगारात जायचे वाचले. हा आकडा त्याने स्वतः कधी काढलाच नव्हता. पत्रात तो हवा होता, कारण जर्मनीतल्या वाचकाला त्याच्या कारखान्याचा आकार माहीत नाही, आणि नुसत्या टक्क्यांवरून काम केवढं होतं हे कळत नाही.

मग ती जागा आम्ही अशी लिहिली: 'इन २०२३, आय ट्रेस्ड लीक फेल्युअर्स इन अ पंप हाउसिंग टू पोरॉसिटी अराउंड वन थिक बॉस. वुइथ द टूलरूम, आय इंट्रोड्यूस्ड अ वॉटर-कूल्ड पिन ॲट दॅट पॉइंट. रिजेक्शन फेल फ्रॉम ५.८ टू २.१ पर्सेंट इन फाइव्ह मंथ्स, सेव्हिंग अबाउट ६६० पार्ट्स अ मंथ.' यात 'ड्रास्टिकली' नाही आणि 'सक्सेसफुली'ही नाही. 'वुइथ द टूलरूम' मात्र आहे, आणि ते मी मुद्दाम ठेवायला लावलं. पिन टूलरूमने बनवली. दोष शोधला याने. दोघांची वाटणी खरी दिसली की 'आय' हा शब्द उद्धट वाटत नाही, आणि मुलाखतीत कोणी खोदून विचारलं तरी पाय घसरत नाही.

ग्राहकाचं नाव आणि पार्ट नंबर भाच्याने उत्साहाने घातले होते. ते काढले. आजच्या कंपनीची गुपितं पत्रात सांगणारा उद्या आमचीही सांगेल, असं नवीन मालकाला वाटणारच. 'अ पंप हाउसिंग' एवढं पुरतं.

उरलेल्या वाक्यांत दोन टोकं होती. एका ठिकाणी 'आय थिंक आय मे बी सूटेबल', दुसऱ्या ठिकाणी 'आय ॲम द बेस्ट कँडिडेट'. दोन्ही काढायला लागली. पहिल्यात तो स्वतःच शंका घेतो. दुसऱ्यात न पाहिलेल्या उमेदवारांशी तुलना करतो. त्या जागी जाहिरातीतली एक गरज उचलली. जाहिरातीत लिहिलं होतं की नवीन कास्टिंग लाइन सुरू करताना दोषांचं विश्लेषण करणारा माणूस हवा. म्हणून पत्राच्या पहिल्याच ओळीत आलं की तुम्हाला जे विश्लेषण हवं आहे, ते मी सहा वर्षं चालू लाइनवर केलं आहे. नवीन लाइन उभारण्याचा अनुभव त्याला नव्हता, आणि तो असल्याचा भास होईल असा एकही शब्द आम्ही ठेवला नाही.

जर्मनीसाठी काही गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात. तिकडे या पत्राला आन्श्राइबेन म्हणतात आणि ते एका पानात बसावं अशी अपेक्षा असते. जाहिरातीत संपर्कासाठी नाव दिलं असेल तर पत्र त्याच व्यक्तीच्या आडनावाने सुरू करावं. 'रिस्पेक्टेड सर' हे आपल्या 'माननीय महोदय'चं भाषांतर आहे, आणि वाचणारी बाई असली तर ते पहिल्याच शब्दात चुकतं. पत्राची भाषा जाहिरातीच्या भाषेप्रमाणे ठेवावी हे खरं, पण जर्मन दुसऱ्याकडून लिहून घेतलं तर पहिल्या फोनवर ते उघडं पडतं. भाच्याची जर्मन ए-टू पातळीची. जाहिरात इंग्रजीत होती, म्हणून पत्र इंग्रजीत लिहिलं आणि पातळी जशी आहे तशी सांगितली.

जर्मन कर्मचाऱ्याला नोकरी सोडताना मालकाकडून कामाचं तपशीलवार प्रशस्तिपत्र मागण्याचा कायदेशीर हक्क आहे. त्याला आरबाइट्सत्सॉइग्निस म्हणतात. आपल्या रिलीव्हिंग लेटरमध्ये बहुधा फक्त तारखा आणि हुद्दा असतो. म्हणून जी माहिती तिकडचा वाचक त्या कागदात शोधतो, ती आपल्याला पत्रात आणि बायोडेटात भरून काढावी लागते. ५.८ आणि २.१ या आकड्यांसाठी मी एवढा हट्ट धरला त्याचं हेही कारण.

जाहिरातीत पगाराची अपेक्षा विचारली असेल तर युरोमध्ये, वर्षाचा, कर कापण्यापूर्वीचा एक आकडा द्यायचा. आपल्या सीटीसीला विनिमय दराने गुणून काढलेला आकडा तिथल्या पगाराशी जुळत नाही, म्हणून त्या कामाला तिथे काय मिळतं ते पाहून ठरवावं. लाख-कोटी पत्रात येऊ देऊ नयेत. तारीखही महिन्याचं नाव अक्षरात लिहून द्यावी, म्हणजे ०५/०६ वाचून कोणी गोंधळणार नाही. नोटिस पीरियड तीन महिन्यांचा असेल तर तो स्पष्ट सांगायला हरकत नाही. तिकडेही तीन महिने नवलाचे नाहीत. व्हिसाला वेळ लागतो हे त्यांनाही ठाऊक असतं. आणि नाव पासपोर्टप्रमाणे ठेवावं. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःच्या नावापुढे वडिलांचं नाव असतं, पदवीवर कधी आडनाव आधी येतं. पत्रावर तिसरंच काही असलं की कागद जुळवणाऱ्याला प्रश्न पडतो.

महिन्याभराने त्याला व्हिडिओवर मुलाखतीला बोलावलं. समोरच्या इंजिनिअर बाईंनी शिक्षणाबद्दल दोन प्रश्न विचारले आणि मग सरळ त्या बॉसवर आल्या. दोष तिथेच आहे हे कसं ठरवलं, किती तुकडे कापले, पिन नेमकी तिथेच का. शेवटी त्यांनी विचारलं, "उरलेले २.१ टक्के कशामुळे?" भाचा म्हणाला की ती छिद्रं गोल आणि गुळगुळीत होती, म्हणजे आकसण्याची नव्हे, अडकलेल्या वायूची. त्याला डायमधली हवा खेचून घेणारी व्हॅक्यूम यंत्रणा लागते, आणि त्यांच्या मशीनवर ती नव्हती. बाई म्हणाल्या, "आमच्या नव्या लाइनवर आहे."