भाड्याच्या घराची गंगाजळी

भाड्याने दिलेल्या फ्लॅटमध्ये मोठा खर्च निघाला की मालक म्हणतो, अचानक आला. खरं तर असे खर्च अचानक फार थोडे येतात. रंग चार-पाच वर्षांत उतरतो, गीझर पाच-सात वर्षांत संपतो, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग बारा-पंधरा वर्षांत दगा देतं. या वस्तू कधी बसवल्या हे मालकाला माहीत असतं, फक्त कुठे लिहिलेलं नसतं.

दुरुस्तीसाठी वर्षाला एका महिन्याचं भाडं बाजूला ठेवावं, असा सल्ला बरेच जण देतात. मला तो पटत नाही, कारण भाडं परिसरावरून ठरतं आणि दुरुस्ती घरातल्या वस्तूंवरून. कोथरूडच्या आणि शहराबाहेरच्या टू बीएचकेच्या भाड्यात मोठा फरक असेल, पण दोन्हीकडच्या बाथरूमच्या फरश्या फोडून नव्याने बसवायला जवळपास सारखाच खर्च येतो. म्हणून हिशोब भाड्यापासून नव्हे, वस्तूंपासून सुरू करायचा.

पुण्यातला अकरा वर्षं जुना टू बीएचके घेऊ, भाडं महिना २५,०००. पुढचे आकडे उदाहरणापुरते आहेत. आपल्या घराचे दर आपल्या ओळखीच्या प्लंबर-रंगाऱ्याकडून घ्यावेत. रंगाला ४८,००० लागतात आणि तो चार वर्षं टिकतो, म्हणजे वर्षाला १२,०००. दोन्ही बाथरूमचं वॉटरप्रूफिंग आणि टाइल्स २,१०,०००, आयुष्य चौदा वर्षं, म्हणजे वर्षाला १५,०००. दोन गीझर १८,०००, सहा वर्षं, म्हणजे ३,०००. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर गीझरचं आयुष्य कमीच धरावं. स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या आणि कपाटं ९०,०००, पंधरा वर्षं, म्हणजे ६,०००. नळ, फ्लश, बटणं, कुलपं अशा किरकोळ कामांना वर्षाला ५,०००. शिवाय इमारतीचा बाहेरून रंग आणि प्लास्टरची दुरुस्ती निघाली की सोसायटी सभासदांकडून वर्गणी काढते. ती दहा वर्षांतून एकदा १,००,००० धरली, तर वर्षाला १०,०००.

बेरीज ५१,०००. एका महिन्याच्या भाड्याच्या दुपटीहून जास्त.

सोसायटीच्या वर्गणीबद्दल थोडं सांगायला हवं. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार बांधकाम खर्चाच्या किमान ०.७५ टक्के दरवर्षी दुरुस्ती निधीत आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंडात जायला हवेत. पण हा पैसा गच्ची, जिना, पाण्याच्या टाक्या, बाहेरच्या पाइपलाइन यांसाठी असतो. आपल्या बाथरूममधून खालच्या घरात गळती झाली तर ते काम आपल्याच खिशातून होतं. म्हणून वार्षिक सभेचा ताळेबंद आला की निधीत शिल्लक किती ते पाहावं. इमारत पंधरा वर्षांची झाल्यावर दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांनंतर दर तीन वर्षांनी स्ट्रक्चरल ऑडिट करायचं असतं. ऑडिट जवळ आलंय आणि निधी रिकामा आहे असं दिसलं, तर वर्गणीचा आकडा वाढवून धरावा.

आता खरी अडचण. हिशोब आज सुरू झाला, पण घर अकरा वर्षं वापरलं गेलंय. बाथरूमच्या चौदापैकी अकरा वर्षं संपली, म्हणजे तिथे १,६५,००० आधीच साठलेले असायला हवे होते. ट्रॉल्यांचे ६६,०००. इमारतीचं काम पाच वर्षांपूर्वी झालं असेल तर वर्गणीचे ५०,०००. रंग दोन वर्षांपूर्वीचा, त्याचे २४,०००. गीझर चार वर्षांचे, त्यांचे १२,०००. मिळून ३,१७,००० रुपयांची ही जुनी बाकी आहे.

तिच्याकडे दुर्लक्ष करून शून्यापासून दरवर्षी ५१,००० टाकत गेलं, तर काय होतं ते वर्षवार मांडून बघा. पहिली दोन वर्षं सुरळीत जातात. दुसऱ्या वर्षी रंग आणि गीझर उरकूनही २६,००० शिल्लक राहतात. तिसऱ्या वर्षी बाथरूम निघतात आणि खातं १,३८,००० रुपयांनी उणे होतं. चौथ्या वर्षी ट्रॉल्या, पाचव्या वर्षी वर्गणी, आणि तूट २,३६,०००वर जाते. वार्षिक सरासरी बरोबर असूनही मालक कर्जात जातो, कारण खर्च सरासरीने येत नाहीत, आपापल्या वर्षी येतात. त्यामुळे वर्षवार मांडणी टाळू नये. वहीचं एक पान पुरतं.

यावर दोन उपाय आहेत. सुरुवातीलाच अडीच लाखांच्या आसपास रक्कम खात्यात टाकायची, किंवा पहिली सहा वर्षं महिना सुमारे ८,२०० टाकून मग ५१,०००च्या गतीवर यायचं. जुना फ्लॅट विकत घेऊन भाड्याने देणाऱ्याने ही बाकी किंमत ठरवतानाच मोजावी.

आयुष्याची वर्षं हा अंदाजच असतो, म्हणून दर अकरा महिन्यांनी करार नवा होताना घर नीट बघावं. बाथरूमच्या भिंतीच्या पलीकडच्या बाजूला रंगाचे पोपडे येतात, पांढरा क्षार फुटतो. फरशीवर ठोकलं की पोकळ आवाज येतो. खालच्या घराच्या छताला डाग पडतो. शंका असेल तर नहाणी ट्रॅपचं तोंड बंद करून दिवसभर पाणी साठवून ठेवावं आणि खालचा डाग वाढतो का ते पाहावं. वाढला तर वॉटरप्रूफिंग गेलंय. कोरड्या बाथरूममध्येही डाग वाढत असेल, तर आतल्या पाइपचा संशय घ्यावा. ते काम अनेकदा बरंच कमी खर्चाचं असतं. फरश्यांच्या सांध्यात केमिकल भरून वर्ष-दोन वर्षं ढकलता येतात, पण तेवढ्यासाठी चौदा वर्षांचे पैसे मोडू नयेत.

बाथरूम फोडायचं तर दोन-तीन आठवडे जातात. भाडेकरू राहत असताना ते काम त्याला छळणारं ठरतं, म्हणून दोन भाडेकरूंच्या मधल्या रिकाम्या काळात, गरज पडल्यास वर्षभर आधीच, ते उरकावं. पैसे तयार असले तरच हे जमतं. दरवर्षी त्याच वेळी दरही नव्याने विचारून घ्यावेत. सहा टक्क्यांनी दर वाढले तर आजचे २,१०,००० तीन वर्षांनी अडीच लाख होतात. भाडं वाढवाल तेव्हा गंगाजळीचा हप्ताही वाढवा.

हा पैसा वेगळ्या बचत खात्यात आणि खर्चाच्या वर्षाआधी मोडता येईल अशा मुदत ठेवीत ठेवावा. तीन वर्षांनी लागणारी रक्कम शेअर बाजारात नको. भाडेकरूचं डिपॉझिट यात कधीही मिसळू नये, ते त्याचं आहे आणि परत द्यायचं आहे. घरं दोन-चार असतील तर खातं एकच चालेल, पण प्रत्येक घराचं पान वेगळं हवं, नाहीतर एका घराची तूट दुसऱ्याच्या शिलकीत झाकली जाते.

आयकराचं गणितही समजून घ्या. घरभाड्याच्या उत्पन्नातून महापालिकेचा कर वजा केल्यावर सरसकट तीस टक्के वजावट मिळते, दुरुस्ती केली तरी आणि नाही केली तरी. गंगाजळीत टाकलेल्या पैशांवर वेगळी सवलत नाही. आपल्या उदाहरणात वर्षाचं भाडं ३,००,००० आहे. त्यातून मेंटेनन्स, कर आणि हे ५१,००० गेल्यावर जे उरतं, तेच या फ्लॅटचं खरं उत्पन्न धरा.