वीस वर्षांनी भेटणाऱ्या वर्गासाठी मैत्रीची गाणी

२००५ मध्ये दहावी झालेला वर्ग २०२५ मध्ये भेटला, तर त्यातला प्रत्येक जण पस्तिशी-छत्तिशीचा असतो. अशा स्नेहमेळाव्यासाठी गाणी निवडताना आधी त्यांचे साल पाहावे. माणसाला आयुष्यभर ठळकपणे आठवत राहते ते प्रामुख्याने दहा ते तीस या वयातले, आणि गाण्यांच्या बाबतीत तर कुमारवयातले, असे मानसशास्त्रज्ञांना आढळले आहे. या वर्गाच्या शाळकरी वयात केके यांचा ‘पल’ (१९९९) हा अल्बम आला. ‘यारों’ आणि ‘पल’ ही दोन्ही गाणी त्यातलीच. ‘दिल चाहता है’ २००१ चा. ‘दुनियादारी’ हा मैत्रीवरचा गाजलेला मराठी चित्रपट मात्र २०१३ चा, म्हणजे शाळा सुटून आठ वर्षे झाल्यावरचा. त्याची गाणी सगळ्यांना आवडतील, पण त्यांनी वर्गातला बाक आठवणार नाही.

काही गाणी सालाच्या पलीकडची असतात. ‘शोले’ (१९७५) मधले ‘ये दोस्ती’ हे त्यांपैकी एक. किशोरकुमार आणि मन्ना डे यांनी ते मिळून गायले आहे, त्यामुळे दोन जुन्या बाकमित्रांना ते आयते वाटून घेता येते. याच गाण्याचे जयच्या मृत्यूनंतरचे दुःखी रूपही चित्रपटात आहे. घाईत ट्रॅक शोधणाऱ्याच्या हाती तेच लागू शकते आणि ऐन रंगात आलेली मंडळी एकदम गप्प होतात. ट्रॅक आदल्या दिवशी ऐकून ठेवावा. ‘दोस्ती’ (१९६४) मधले रफींचे ‘चाहूंगा मैं तुझे’ अनेकांना प्रेमगीत वाटते. खरे तर ते मित्राला उद्देशून आहे.

मैत्रीची गाजलेली बरीचशी गाणी पुरुषांच्या आवाजातली आहेत, आणि मुलामुलींच्या वर्गाची खरी अडचण इथे होते. पुरुषांची सोयीची पट्टी साधारण काळी एकच्या आसपास, तर स्त्रियांची काळी चार-पाचच्या आसपास असते. पुरुषांच्या पट्टीत गायचे तर स्त्रियांना एक तर खर्जात पुटपुटावे लागते, नाही तर वरच्या सप्तकात आवाज ताणावा लागतो. धृपदापुरते हे निभते. अंतरा वर चढला की निम्मा वर्ग नुसता ओठ हलवू लागतो. यावर सोपा उपाय म्हणजे धृपद सगळ्यांनी म्हणावे आणि अंतरे ज्यांना झेपतील त्यांना द्यावेत. कराओकेच्या ॲपमध्ये पट्टी बदलायची सोय असेल, तर एखादी मैत्रीण अंतरा गाणार असलेले गाणे आधीच तिच्या पट्टीत आणून ठेवावे.

‘पल’ शेवटी ठेवावे. ते निरोपाचे गाणे आहे, चाल संथ आहे आणि वाद्यांशिवायही उभे राहते. कार्यालयवाल्याने माइक काढून नेला तरी त्याचे काही बिघडत नाही.