नातं सांगितलं असतं तर?

आयसीआयसीआय बँकेच्या संचालक मंडळाने ४ ऑक्टोबर २०१८ रोजी चंदा कोचर यांची मुदतपूर्व निवृत्ती मान्य केली, पण एक अट घालून: निवृत्तीचे लाभ चौकशीच्या निकालावर अवलंबून राहतील. पुढे न्या. बी. एन. श्रीकृष्ण यांचा चौकशी अहवाल आला आणि ३० जानेवारी २०१९ रोजी मंडळाने ती निवृत्ती बडतर्फीच मानली. उरलेले लाभ रद्द झाले. एप्रिल २००९ पासूनचा बोनसही बँकेने परत मागितला.

सीबीआयचा आरोप असा की, २००९ मध्ये व्हिडिओकॉन समूहाला ३०० कोटींचं कर्ज मिळालं आणि लगेच त्यांच्या पतीच्या कंपनीत ६४ कोटी आले. कोचर यांनी आरोप नाकारले आहेत. फौजदारी खटल्यात लाच सिद्ध करावी लागते. आचारसंहितेचा प्रश्न त्याहून साधा असतो: हितसंबंध आहे हे वेळेवर सांगितलं का आणि निर्णयातून बाजूला झालात का? अहवालाने ठपका ठेवला तो इथेच. कर्ज योग्य होतं की नाही, हा वेगळा मुद्दा.

हेच छोट्या कंपनीतही घडतं. समजा, खरेदी अधिकाऱ्याच्या मेहुण्याचा खोक्यांचा कारखाना आहे आणि त्याचे दर सर्वांत कमी आहेत. दरपत्रकं उघडण्याआधीच अधिकाऱ्याने वरिष्ठांना लेखी कळवावं आणि ती फाइल दुसऱ्याकडे द्यावी. मग ऑर्डर मेहुण्याला मिळाली तरी हरकत नाही. नातं लपवलं, तर कमी दरही त्याला वाचवत नाही. पुरवठादाराच्या अर्जावरचा पत्ता किंवा मोबाइल कर्मचाऱ्याच्या नोंदीशी जुळला, की लेखापरीक्षकाच्या ते लक्षात येतं.

भेटवस्तूंनाही हीच कसोटी लागते. दिवाळीतला मिठाईचा पुडा बहुतेक कंपन्यांना चालतो. रोख रक्कम, सोन्याचं नाणं किंवा गिफ्ट कार्ड घेऊच नये. निविदा सुरू असताना तर पुडाही नको, असं माझं स्पष्ट मत आहे. वस्तू थेट घरी पोहोचली, तर पत्रासह परत करावी. ते शक्य नसेल, तर कंपनीत जमा करून रजिस्टरमध्ये नोंद करून घ्यावी.

शिक्षा देताना कंपनीवरही बंधन आहे. कारणे दाखवा नोटिशीत आरोप नेमका हवा, उत्तर द्यायला वेळ हवा आणि चौकशी अधिकारी त्या प्रकरणाशी संबंध नसलेला हवा. या पायऱ्या गाळल्या, तर दोषी माणसाची बडतर्फीही कामगार न्यायालयात न टिकण्याचा धोका असतो. दंड प्रमाणात हवा. नोंद करायची राहून गेली, तर ताकीद पुरेशी आहे. जाणूनबुजून लपवलं, तर नोकरी जाणं योग्यच.

तुमचा भाऊ, मेहुणी किंवा मित्र तुमच्या कंपनीला काही पुरवत असेल, तर या आठवड्यात वरिष्ठांना दोन ओळींचा ईमेल लिहा आणि त्याची प्रत स्वतःजवळ ठेवा.